मदत हवी आहे: यंत्रानुवादित माहितीपुस्तिकेत एकाच भागाला तीन नावे

ओळीमागेओळ: नमस्कार. पुढून कपडे घालण्याच्या वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचा यंत्रानुवाद माझ्याकडे सुधारण्यासाठी आला आहे. शब्दक्रमाचे दोष मला निस्तरता येतात. ‘बटण दाबा आणि धरून ठेवा जोपर्यंत दिवा लुकलुकत नाही’ याचे मी ‘दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून ठेवा’ असे करते. खरी अडचण संज्ञांची आहे. मशीनच्या दाराला कुठे ‘दरवाजा’, कुठे ‘दार’, तर कुठे ‘झाकण’ म्हटले आहे. ‘दरवाजा’ शोधून सगळीकडे ‘दार’ घातले, तेव्हा ‘दार उघडा राहिल्यास’ आणि ‘दारची काच’ अशी रूपे तयार झाली. ही कशी टाळावीत?

पानकोरा: कॅट टूलला टर्मबेस जोडा, सगळे आपोआप जुळेल.

मुद्रितशोधक: टर्मबेस अवश्य जोडावा, पण तो फक्त इशारा देतो, वाक्य दुरुस्त करत नाही. शिवाय मूळ रूपच शोधणारी तपासणी ‘दाराची’, ‘दारावर’ यांनाही चूक ठरवते, आणि अशा खोट्या इशाऱ्यांच्या गर्दीत खरी चूक नजरेतून सुटते.

ताई, मराठी शब्दापासून सुरुवात न करता मूळ इंग्रजी शब्दापासून करा. मूळ मजकुराच्या चाळणीत `door` टाकून तेवढेच सेगमेंट समोर आणा आणि अनुवादात `दरवाज` एवढाच भाग शोधा, म्हणजे ‘दरवाजाची’ आणि ‘दरवाज्याची’ दोन्ही सापडतील. बदल मात्र एकेक वाक्य वाचूनच करा, कारण ‘दरवाजा’ पुल्लिंगी आणि ‘दार’ नपुंसकलिंगी असल्याने विशेषण आणि क्रियापदही बदलते: ‘दरवाजा नीट बसला नाही’ याचे ‘दार नीट बसले नाही’ होते.

‘झाकण’ शब्दाला सरसकट हात लावू नका. खाली पंपाच्या फिल्टरलाही झाकण असते, आणि ‘झाकण उघडण्यापूर्वी पाणी काढून टाका’ ही सूचना बहुधा त्याचीच असेल. तिथे ‘दार’ आले, तर वाचणारा भलताच भाग उघडायला जाईल.

जुनीवही: माझ्याकडे रक्तदाबमापकाच्या पुस्तिकेत वेगळेच घडले. मी सगळे सुधारले, पण ट्रान्सलेशन मेमरीत जुनी वाक्ये तशीच राहिली होती, त्यामुळे पुढच्या आवृत्तीत शंभर टक्के जुळणी म्हणून त्याच चुका परत आल्या. तुम्ही मेमरीच बदलून टाका.

मुद्रितशोधक: त्यांचा प्रश्न आधीच्या टप्प्याचा आहे. तरी सुधारलेले सेगमेंट पक्के करून मेमरीत जातात ना, हे काम सोपवण्यापूर्वी पाहावेच.

ओळीमागेओळ: चाळणी लावून पाहिली. ‘झाकण’ असलेल्या अकरा वाक्यांपैकी चार खरोखरच फिल्टरच्या झाकणाची निघाली. सगळीकडे ‘दार’ केले असते, तर ती चारही बिघडली असती. आता एक पेच उरला आहे. सुरक्षेच्या प्रकरणात मूळ इंग्रजीतच दाराला दोनदा `lid` म्हटले आहे. चित्रात भाग दाराचाच दिसतो. मी ‘दार’ लिहावे, की ग्राहकाकडून खुलासा येईपर्यंत ‘झाकण’ ठेवावे?

पानकोरा: चित्र स्पष्ट असेल, तर ‘दार’ लिहा.

मुद्रितशोधक: मी विचारल्याशिवाय बदलणार नाही. ती ओळ वरून कपडे घालण्याच्या मशीनच्या पुस्तिकेतून उचललेली असू शकते, आणि मग ती सूचनाच या मशीनला लागू नसेल.