मशेरी लावणं एकदम बंद केलं तर बाळाला खरंच त्रास होतो का?

सुदामानगरची_नणंद: माझी वहिनी सातव्या महिन्यात आहे, 29 आठवडे. दिवसातून चार वेळा मशेरी लावते, लग्नाआधीपासूनची सवय. डॉक्टर म्हणाल्या बाळ लहान वाटतंय, मशेरी सोडा. आई म्हणते एकदम सोडली तर बाळाला झटका बसतो, सावकाश सोड. कोणाचं ऐकायचं?

राजवाडेकर_काका: आईचंच बरोबर आहे. आमच्या आजीने आठ बाळंतपणं मशेरी लावूनच काढली. आणि मशेरीत धूर कुठे असतो? सिगरेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातला ऑक्सिजन खातो, खरं नुकसान त्याने होतं. उगाच बाईचं डोकं फिरवू नका.

निवृत्त_सिस्टर: काका, कार्बन मोनॉक्साइडचं तुमचं बरोबर आहे, तो मशेरीत नसतो. पण निकोटीन तर असतंच ना. भाजलेली तंबाखू हिरडीवर घासून ठेवली की ते तिथूनच रक्तात जातं, आणि सिगरेट पाच मिनिटात संपते तर मशेरी तोंडात कितीतरी वेळ राहते. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि ते वार ओलांडून बाळाच्या रक्तातही पोचतं. मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा अभ्यास 2004 ला छापून आला, त्यात बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या बहुतेक मशेरीवाल्याच होत्या. बाकीचे फरक हिशेबात धरूनही त्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. हे सरासरीचं झालं, प्रत्येक बाळ तेवढंच कमी भरेल असं नाही, पण ज्याचं वजन आधीच काठावर आहे त्याला 105 ग्रॅम खूप असतात. आजीची आठ बाळं जगली याचा मला आनंदच आहे, पण तेव्हा घरी कोणी त्यांचं वजन केलं होतं का?

बडोद्याची_प्रज्ञा: आमच्याकडे बाळंतिणीला दोन चमचे ब्रँडी देतात, थंडी पळते म्हणून, मला पण दिली होती आणि काही झालं नाही, मग थोडीशी तंबाखू चालत नसेल का

निवृत्त_सिस्टर: प्रज्ञाताई, तुम्ही बाळंतपणानंतरचं सांगताय, इथे बाळ अजून पोटात आहे. आईच्या रक्तातली दारू जशीच्या तशी बाळापर्यंत पोचते आणि इतकी घेतली तर सुरक्षित असा आकडा कोणालाच ठरवता आलेला नाही. त्यामुळे तिथेही थोडीशी चालते असं मी म्हणणार नाही. आणि अंगावर पाजत असताना पण ब्रँडी नको, दुधातून जाते.

सुदामानगरची_नणंद: पण सिस्टर, झटक्याचं काय? आई त्यावरच अडून बसलीये.

निवृत्त_सिस्टर: त्रास आईला होतो, बाळाला नाही. पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं, तलफ येते. आणि एक गोष्ट बायका डॉक्टरांना लाजून सांगत नाहीत, मशेरीशिवाय सकाळी पोटच साफ होत नाही! मी बघितलंय, निम्म्या बायका परत लावतात त्या याचसाठी. आमच्याकडे एक होती, 28 आठवड्यांना तिच्या पोटावर टेप लावून गर्भाशयाची उंची मोजली तर 25 सेंटीमीटर. साधारण जेवढे आठवडे तेवढे सेंटीमीटर, दोनचा फरक चालतो, तीन म्हणजे सोनोग्राफीला पाठवायचं. त्यात बाळाचं डोकं वयाप्रमाणे होतं आणि बाळाच्या पोटाचा घेर मागे. बाळाला कमी मिळायला लागलं की ते असलेलं रक्त मेंदूकडे वळवतं आणि पोट बारीक राहतं. बाळाकडचा रक्तप्रवाह बघतात तो डॉप्लर ठीक होता म्हणून घाई केली नाही. मशेरीच्या वेळेला तिला बडीशेप चघळायला दिली, पोटासाठी डॉक्टरांनी इसबगोल लिहून दिलं, आणि दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. तिसऱ्या दिवशी तिने परत लावली, रडत सांगितलं, पुन्हा सुरुवात केली. 38 आठवड्यांना 2 किलो 400 ची मुलगी झाली.

राजवाडेकर_काका: म्हणजे सोडूनही अडीच किलो नाहीच भरली. मग मशेरीमुळेच होतं हे कशावरून? आई ठेंगणी असेल, रक्त कमी असेल.

निवृत्त_सिस्टर: हिमोग्लोबिन 8.6 होतं तिचं, ते पण कारण असणारच. एका बाळाकडे बघून किती ग्रॅम कशामुळे गेले हे मला सांगता येणार नाही. पण सुटण्यासारखी गोष्ट मशेरी होती आणि पोटाचा घेर नंतर वाढत गेला, तो मी कागदावर बघितलाय. नणंदबाई, वहिनीचं बीपी आणि हिमोग्लोबिन किती आहे? आणि घरात कोणी बिडी-सिगरेट ओढतं का?

सुदामानगरची_नणंद: दादा ओढतो पण गॅलरीत जाऊन. हिमोग्लोबिन 9.

दोन_मुलींचा_बाप: गॅलरीचं दार उघडं राहिलं की धूर आत येतोच, मी पण तेच करायचो. बायको तिसऱ्या महिन्यात वासाने उलट्या करायची तेव्हा कळलं की कपड्यांना पण लागलेला असतो. दादाने खाली रस्त्यावर जाऊन ओढायची, नाहीतर वहिनीबरोबर दोघांनी मिळून सोडावी. 1800112356 वर फुकट सल्ला मिळतो, मी तिथेच बोललो होतो. निकोटीनचं च्युइंगम मात्र वहिनीला आपल्या मनाने देऊ नका हं, मला चाललं पण त्यात निकोटीनच असतं.

सुदामानगरची_नणंद: सिस्टर, सोमवारी सोनोग्राफी आहे. पोटाचा घेर आणि डॉप्लर दोन्ही विचारून येते. आईला आज बडीशेपेचं सांगितलं तर म्हणाली, ती मी भाजून देते.