मदत हवी: प्लॅन १०० चा, वायफायवर २२ च. फर्मवेअर अपडेट करू की रिसेट मारू?

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. खानापुरात राहतो, घराखालीच आमचं कापडदुकान आहे. गावातल्या केबलवाल्याकडून फायबर घेतलंय. दिवाळीपर्यंत ३० चा प्लॅन होता, मग १०० चा केला. बिल वाढलं, स्पीड आहे तिथंच. फोनवर कधीही तपासा, २१ नाहीतर २२. राउटरला टेकून बसलो तरी तेवढंच, मागच्या खोलीत गेलो तरी तेवढंच.

राउटर २०१८ चा, दोन अँटेनांचा. फर्मवेअरही त्याच सालचं, कुणी हात लावलेला नाही. लाईन बघायला आलेला पोरगा म्हणाला, फर्मवेअर जुनं झालंय, अपडेट करा. मेव्हणा म्हणतो, फॅक्टरी रिसेट मार. आधी काय करू, सांगा की.

गोंधळी_गल्ली:
रिसेट मारा, डोकं लावू नका. मागच्या भोकात टाचणी घालायची, दहा सेकंद दाबायचं. मी दोन महिन्यांतून एकदा मारतो. राउटरमध्ये कचरा साठतो, तो निघतो.

तिसरे_रेल्वेगेट:
गल्लीवाले भाऊ, कचरा म्हणजे बहुतेक भरलेली मेमरी, आणि ती नुसतं बंद-चालू केलं तरी रिकामी होते. रिसेटने सेटिंगं जातात, ती वेगळी गोष्ट.

खानापूरकर, टाचणी ठेवा बाजूला. दोन आकडे द्या. एक, लॅपटॉपला राउटरची वायर लावून स्पीड किती येतं? दुसरा, फोनच्या वायफाय सेटिंगात तुमच्या नेटवर्कवर टॅप केलं की लिंक स्पीड दिसतं, ते किती? ते इंटरनेटचं स्पीड नव्हे, फोन आणि राउटर आपसात किती वेगाने बोलतात त्याचा आकडा आहे.

निपाणीचा_नाना:
आमच्याकडंबी हाच ताप. पाऊस झाला की लाल लाईट लुकलुकतो आणि नेट गुल. मी दोनदा रिसेट मारला, काय फरक नाही. उलट पासवर्ड गेला, पोरगं शिव्या घालतंय.

तिसरे_रेल्वेगेट:
नाना, तुमचं दुखणं वेगळं. लाल लाईटखाली LOS लिहिलंय का बघा. असेल तर फायबरमधून उजेडच पोचत नाही. वायर दुमडली असेल, उंदराने कुरतडली असेल, नाहीतर खांबावरच्या जोडात पाणी जात असेल. रिसेट करून तुटलेली वायर जोडली जात नाही. आणि केबलवाल्याने दिलेल्या त्या डब्याला परत टाचणी लावू नका. त्यात लाईनची माहिती भरलेली असते, ती गेली तर त्यालाच बोलवावं लागतं.

मलप्रभाकाठ:
वायरवर ९४. फोनवर लिंक स्पीड ५४. मागच्या खोलीतही ५४ च. बायकोच्या फोनवरही ५४.

तिसरे_रेल्वेगेट:
सापडलं बहुधा. वायरवर ९४ म्हणजे लाईन ठीक, राउटरचा पोर्टही ठीक. १०० च्या पोर्टवर एवढंच येतं. गोची हवेत आहे.

५४ हा जुन्या पिढीच्या वायफायची कमाल मर्यादा. त्यातून हाताला जेमतेम २०-२२ लागतं, तुम्हाला तंतोतंत तेवढंच मिळतंय. अंतराने स्पीड पडत असतं तर आकडा खोलीगणिक बदलला असता. तुमचा एका जागी खिळलाय, म्हणजे कुणीतरी वरून झाकण लावलंय.

ब्राउझरमध्ये `192.168.0.1` टाका, नाही उघडलं तर `192.168.1.1`. वायरलेस सिक्युरिटीत जा. तिथं `TKIP` लिहिलेलं असेल तर तेच झाकण. ही जुनी कुलूपपद्धत चालू असली की नवी वेगवान भाषा बोलायची नाही, असा वायफायचा नियमच आहे. `WPA2-PSK` आणि `AES` निवडा, सेव्ह करा. पासवर्ड तोच ठेवा.

मलप्रभाकाठ:
काय सांगू! `WPA-PSK` आणि `TKIP` च होतं. `AES` केलं, आता लिंक स्पीड १४४. राउटरजवळ ७० ते ७५ येतंय, मागच्या खोलीत पन्नाशीच्या आसपास.

मेव्हण्याला विचारलं तेव्हा उलगडा झाला. दुकानातला जुना बारकोड प्रिंटर वायफाय धरत नव्हता, म्हणून २०१९ मध्ये त्यानेच ते बदललेलं. तेव्हा ३० चा प्लॅन होता, २२ मिळायचे, कुणाच्या लक्षात आलं नाही.

गोंधळी_गल्ली:
म्हणजे रिसेट मारला असता तरी सुटलं असतं की! मी पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं.

तिसरे_रेल्वेगेट:
सुटलं असतं, खरंय. रिसेटने सेटिंग मूळ जागी गेलं असतं, आणि ते मूळचं `AES` च असतं बहुतेक राउटरांत. पण त्यासोबत केबलवाल्याचं `PPPoE` युजरनेम-पासवर्डही पुसलं गेलं असतं, आणि ते लिहून ठेवलं नसेल तर रविवारी कोण फोन उचलतो? शिवाय रिसेटनंतर जुना बॅकअप परत चढवला असता तर `TKIP` ही त्याच्याबरोबर परत आलं असतं. मग म्हणाला असता, रिसेटने काय होत नाही.

गंमत अपडेटची आहे. नुसतं फर्मवेअर चढवलं असतं तर बऱ्याच राउटरांत जुनी सेटिंगं तशीच राहतात. नवं फर्मवेअर, स्पीड २२. काही माणसं अपडेटपाठोपाठ रिसेट मारतात, स्पीड वाढतं आणि श्रेय अपडेटला जातं.

चंदगडची_लेक:
दादा, अपडेटने कधीच फरक पडत नाही असं नका म्हणू. आमच्या हिंडलग्याच्या घरी फाईव्ह गिगाहर्ट्झ दर पाच-दहा मिनिटांनी तुटायचं. कंपनीच्या साईटवर नव्या फर्मवेअरखाली नेमकी तीच तक्रार दुरुस्त केल्याचं लिहिलं होतं. अपडेट केलं, तुटणं बंद झालं.

तिसरे_रेल्वेगेट:
ताई, तुम्ही अगदी बरोबर केलंत, आधी यादी वाचलीत. आपलं दुखणं त्या यादीत असेल तर अपडेटने फरक पडतो. नसेल तर स्पीडची आशा धरू नये.

तरी खानापूरकर, २०१८ चं फर्मवेअर बदला, पण सुरक्षेसाठी. त्याच वर्षी मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर उघडकीस आलं होतं, जगभरात किमान पाच लाख राउटर वगैरे उपकरणं त्याने बाधली होती. राउटरच्या तळाशी स्टिकर असतो, त्यावर मॉडेलपुढे V2, V3 असं काही लिहिलेलं असतं. फाईल त्याच आवृत्तीची घ्या, दुसरी चढवली तर राउटर दगड होऊ शकतो. काम वायर लावून करा, वायफायवरून नको. आणि वीज जाण्याची वेळ टाळा, नाहीतर राउटर इन्व्हर्टरवर घ्या. अर्ध्यात लाईट गेली तर मी पण काही करू शकणार नाही.

मलप्रभाकाठ:
स्टिकरवर V2 आहे. कंपनीच्या साईटवर शेवटची फाईल २०२० ची, पुढं काही नाही.

तिसरे_रेल्वेगेट:
ती चढवा. पण त्यानंतर सापडलेली भोकं उघडीच राहणार. मी असतो तर वर्षभरात राउटर बदलला असता.

गोंधळी_गल्ली:
चालतंय तोवर चालवा वो. माझा २०१५ चा आहे, मस्त चालतोय.

मलप्रभाकाठ:
ते नंतर बघू. आता नवंच लफडं, `AES` केल्यापासून प्रिंटर वायफाय धरत नाही आणि बाबा खालून ओरडताहेत. गेस्ट नेटवर्कला वेगळी सिक्युरिटी ठेवता येते का? मला तिथं पर्यायच दिसत नाही.

तिसरे_रेल्वेगेट:
काही राउटरांत येते, काहींत मुख्य नेटवर्कचीच लागते. प्रिंटरच्या मागं वायरची खाच आहे का बघा. असेल तर दहा मीटर वायर ओढा, `TKIP` परत लावू नका.

निपाणीचा_नाना:
LOS च लिहिलंय वो. केबलवाला गुरुवारी येतो म्हणतोय. कुठला गुरुवार ते बोलला नाही.