मदत हवी आहे: धिंगरीच्या २०० बॅगा, बायबॅकवर सही करू का?

नवाउद्योग: नमस्कार मंडळी. धिंगरी मशरूम करायचा विचार आहे, एक खोली रिकामी आहे, रॅकवर २०० बॅगा बसतात, बॅगेत १ किलो कोरडा पेंढा. एक पार्टी म्हणते स्पॉन म्हणजे मशरूमचं बियाणं, पिशव्या, ट्रेनिंग आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू, पण पैसे सगळे आधी. निम्मं भांडवल तिथेच जातंय, रॅक, फॉगर, पेंढा उकळायची टाकी वेगळीच. सही करू का? आणि २०० एकदम भरल्या तर चालेल ना?

सावलीतला: एकदम नका भरू. किलोभर पेंढ्यातून तीन तोड्यांत साधारण ७०० ग्रॅम धरा, म्हणजे २०० बॅगांचे १४० किलो, आणि त्यातला निम्मा पहिल्याच तोड्यात, तीन-चार दिवसांत ७० किलो तुमच्या अंगावर येणार. ताजा माल बाहेर एक-दोन दिवस टिकतो, फ्रिजात चार-पाच. कुठे विकणार? भरण्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत सात-आठ आठवडे जातात, म्हणून दर आठवड्याला २५ भरा. मग आठवड्याला साडेसतरा किलो, रोज अडीच येतात. हॉटेलवाल्याला शब्द मात्र दोनचाच द्या, काही बॅगा जाणारच.

बिनधास्त_शेती: एवढं टेन्शन कशाला, पेंढा रात्रभर भिजवला की झालं. हिरवी बुरशी आली तर स्पॉन खराब, बदलून मागा.

सावलीतला: स्पॉन खराब असू शकतो, मान्य. पण आधी पेंढा बघा. नुसता भिजवून भागत नाही, ८० अंशाच्या पाण्यात तासभर ठेवावा लागतो, मग निथळायचा, मुठीत दाबला की हात ओला व्हावा पण थेंब पडू नये. हिरवे डाग बॅगेच्या तळाशी, पाणी साचतं तिथेच असतील तर स्पॉनवाल्याशी भांडून उपयोग नाही. ती बॅग न उघडता बाहेर काढा.

फुलराणी२: माझं जरबेराचं पॉलिहाऊस आहे, झाडांच्या मधे बॅगा ठेवल्या तर जमेल का? जरबेरा एकदा लावला की दोन-अडीच वर्षं फुलं देतो, हे परत परत भरणं बघून दमायला झालं 😅

सावलीतला: ताई, तिथे ऊन जास्त, बॅगा सुकतील. वेगळा धागा काढा.

नवाउद्योग: बायबॅकचं राहिलंच की! कागदावर लिहिलंय "ए ग्रेड मालच घेऊ".

सावलीतला: ए ग्रेड म्हणजे काय ते लिहून घ्या. हवा कमी पडली की देठ लांब आणि छत्री बारकी होते, असा माल परत पाठवायला त्यांना तेवढंच कारण पुरतं. आणि वर्षभर ज्यांचा माल उचललाय अशा दोघा-तिघांशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नका. उरलेला वाळवता येतो, पण १० किलोचा जेमतेम १ होतो.

नवाउद्योग: आणि उन्हाळ्यात?

बिनधास्त_शेती: गुलाबी धिंगरी लावा, तिला गरमी चालते.

सावलीतला: हे बरोबर आहे. पण तो रंग बघून हॉटेलवाले घेतात का, ते कुणी विकली असेल त्यानेच सांगावं, माझी पांढरीच असते.