मुलाच्या तापाचा रजेचा अर्ज: तुम्ही काय लिहिता? अनुभव सांगा

चिंचगोळी
पावसाळा लागला की आमच्या इमारतीत घरोघरी कुणी ना कुणी पोर तापाने झोपलेलं असतं आणि "अर्जाचा नमुना आहे का?" ही विचारणा सुरू होते. नमुने मिळतात, पण सगळ्यांत तेच: "ताप आल्यामुळे उपस्थित राहू शकला नाही, तरी रजा मंजूर करावी." वर्गशिक्षिकांना याहून काय हवं असतं? कुणाकडे डॉक्टरांचा दाखला मागितला? लेक तिसरीत आहे, त्यामुळे मला हे मनापासून जाणून घ्यायचंय.

घाटमाथा
आमच्याकडे डायरीत मागे तक्ता आहे: तारीख, कारण, पालकांची सही. एका दिवसाला तेवढं पुरतं. तरी मी अर्ज देतोच. अर्ज दिला की हजेरी लागते.

चौथीच्या बाई
घाटमाथा, अर्ज आणणं चांगलंच, पण हजेरी लागत नाही हो. निदान आमच्या शाळेत तरी हजेरीपत्रकात मूल गैरहजरच राहतं, फक्त कारण कळतं.

मी अर्ज हातात घेतला की आधी तारखा बघते. बरेच पालक "दोन दिवस ताप होता" लिहितात, कुठले दोन दिवस ते नाही. मग मध्ये रविवार आला की माझा गोंधळ.

त्यानंतर बघते, तापाचं औषध शेवटचं कधी दिलं. याचं कारण वर्गात दिसतं. सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल येतं, प्रार्थनेला ठणठणीत असतं. औषधाचा जोर चार-सहा तासच. मोठ्या सुट्टीनंतर तेच मूल बाकावर डोकं टेकून बसतं, डबा तसाच, कान लाल. तोवर शेजारच्या दोघांनी त्याच्याच बाटलीतलं पाणी प्यायलेलं असतं. म्हणून औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसला, तरच पाठवा.

मला असा अर्ज आवडतो:

> दि. १७ जुलै
> प्रति,
> मा. वर्गशिक्षिका,
> इयत्ता ४ थी, तुकडी ब
> विषय: तापामुळे गैरहजर राहिल्याबाबत
> महोदया,
> माझा मुलगा (पूर्ण नाव, हजेरी क्र. १७) सोमवार दि. १४ ते बुधवार दि. १६ जुलै या तीन दिवशी तापामुळे शाळेत येऊ शकला नाही. तापाचं औषध मंगळवारी रात्री शेवटचं दिलं, त्यानंतर ताप आलेला नाही. अंगावर पुरळ नाही. आज तो शाळेत येत आहे. अशक्तपणा असल्याने दोन दिवस खेळाच्या तासाला त्याला बसू द्यावे. बुधवारची गणिताची चाचणी बुडाली आहे, ती कधी घ्याल ते कृपया कळवावे.
> आपली विश्वासू,
> (पालकाची सही, मोबाइल क्रमांक)

पुरळाची ओळ वगळू नका. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच हवं, आणि मला बाकीच्या पालकांना सावध करता येतं.

रानजाई
मला पण असाच अर्ज हवा होता. मुलाला ताप आहे म्हणून मला कार्यालयातून दोन दिवस सुट्टी घ्यायची आहे, त्यात पुरळाचं लिहायचं का?

चिंचगोळी
रानजाई, हे शाळेच्या अर्जाबद्दल चाललंय. कार्यालयात तारखा आणि "मुलाच्या आजारपणामुळे" एवढं पुरे.

सांजवात
आमच्या गल्लीत सध्या डेंग्यू आहे. ताप उतरला की धोका टळला, मग पाठवायला हरकत नाही ना?

वॉर्डातली ताई
सांजवात, थांबा. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोट फार दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. रक्त तपासायला दिलं असेल तर अर्जात तसं लिहा: "ताप उतरला आहे, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पाठवू." शेवटची तारीख मोकळी सोडलेली चालते, बाई समजून घेतात.

कोकणकडा
माझी तक्रार दाखल्याची आहे. दोन दिवसांच्या तापाला लेकीच्या शाळेने डॉक्टरांचा दाखला मागितला. ताप घरीच उतरला होता, दवाखान्यात गेलोच नव्हतो. नंतर गेलो तर डॉक्टर म्हणाले, "मी तपासलंच नाही, तर मागच्या तारखेचं कसं लिहून देऊ?" त्यांचं बरोबरच होतं. शेवटी अर्जात ताप किती आणि कधी मोजला ते लिहून दिलं: सोमवारी रात्री १०२, मंगळवारी संध्याकाळी १००. शाळेने ते ठेवून घेतलं, पण पुन्हा असं चालणार नाही म्हणाले.

चौथीच्या बाई
मला दवाखान्याच्या चिठ्ठीची झेरॉक्स पुरते. तीही नसेल तर पालकांच्या शब्दावर विश्वास ठेवते. पण हा माझा शिरस्ता झाला, शाळेशाळेचा नियम वेगळा.

घाटमाथा
चिठ्ठीवर सगळी औषधं असतात, बाई. ती शाळेच्या फाइलला का लावायची? मी फक्त तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का दिसेल इतकीच दुमडून झेरॉक्स काढतो.

कोकणकडा
आमच्याकडे दुमडलेली घेतील का, विचारून बघतो.