कोंबड्या एकमेकींना टोचून मारताहेत, चोच कापू का? मदत हवी आहे

मोहोळजवळ आमचं वीस बाय वीसचं शेड आहे, त्यात तेरा आठवड्यांच्या 400 गावरान तलंगा. आठ दिवसांत सहा गेल्या. आधी शेपटीकडची पिसं उपटलेली दिसली, मग गुदद्वाराजवळ जखम, आणि एकदा रक्त दिसलं की बाकीच्या तुटून पडतात. सकाळी पाहावं तर आतडी बाहेर. मेलेल्यांपैकी चार जणी बसायच्या दांडीखालीच सापडल्या.

दांडी मी जमिनीपासून फूटभरच उंच बांधली होती. वर बसलेलीचा मागचा भाग खालचीच्या बरोबर चोचीसमोर येतो, हे आता कळतंय. म्हणून दांड्या तीन फुटांवर घेतोय. 100 वॅटचा पिवळा दिवा रात्रभर जळायचा, तो आता रात्री बंद करतो. पश्चिमेचं ऊन थेट आत येतं, तिथे गोणपाट बांधलंय. जखमी वेगळ्या काढून जांभळं औषध लावलं. गर्दी मात्र आहेच, पक्ष्याला जेमतेम एक चौरस फूट. निम्म्या हलवायला दुसरं शेड पंधरा दिवसांनी मिळेल.

फिरता डिबीकिंगवाला म्हणतो, सगळ्यांच्या चोची आत्ताच कापू. पिल्लं आठ-दहा दिवसांची असताना कापतात हे माहीत आहे, मी तेव्हा टाळलं. या वयात चोच जाड झालेली, रक्त जास्त जाईल, दुखलं की खाणंही कमी होईल, तेही या उन्हात.

तेरा आठवड्यांना कुणी कापली आहे का? टोक किती घेतलं? की जागा मिळेपर्यंत थांबू?