मुलाखत झाली, पैशांचं आत्ताच काढावं की होकार आल्यावर?

लाटेकाठी (रत्नागिरी): गुरुवारी मुलाखत झाली. आंबा घरपोच पाठवणारी इथलीच एक फर्म आहे, त्यांना ऑनलाइन विक्रीची साइट हवी आहे. ऑक्टोबर ते जानेवारी असं चार महिन्यांचं कंत्राट, महिना 35 हजार, हे तेच म्हणाले. काम नेमकं काय, असं विचारलं तर ‘साइट, आणि मग लागेल तसं बघून घेऊ’. 1 फेब्रुवारीला बुकिंग उघडायचं आहे. पुढच्या शुक्रवारी कळवतो म्हणाले. आभाराच्या मेलमध्येच कामाची व्याप्ती आणि पैशांच्या अटी काढू का, की आधी निवड होऊ दे?

भाट्येकर नाना: अजिबात काढू नकोस. निवड व्हायच्या आधी अटी धाडणारा माणूस पुढे डोकेदुखी होणार, असं समोरच्याला वाटतं. आणखी दोघेतिघे रांगेत असतील. त्यातला एक ‘होय, करतो’ म्हणून मोकळा होईल आणि तू मेल लिहीत बसशील. चार ओळींत आभार मान, काम करायला आवडेल असं लिही. होकार आला की समोर बसून बोल. बागायतदार मंडळी लांब मेल वाचत नाहीत, फोनवर बोलतात.

खळं: नाना, त्यांनी आकडा काढला नसता तर मीही हेच म्हटलं असतं. पण 35 हजार त्यांच्याच तोंडून आलेत. उघडा झालेला विषय पुढे नेण्यात उद्धटपणा कसला? खरी भीती ‘लागेल तसं’ या दोन शब्दांची आहे. आकडा ठरलेला आणि काम मोकळं, असं असेल तर होकाराच्या दिवशी सगळं त्यांच्या मनासारखं ठरलेलं असतं. त्या दिवशी ‘यात इन्स्टाच्या पोस्ट नाहीत हं’ म्हटलंस तर ते शब्द फिरवल्यासारखं दिसतं. मुलाखतीनंतर दोनतीन दिवसांत तेच वाक्य लिहिलंस तर ती साधी खातरजमा असते.

म्हणून अट म्हणून लिहू नये, ‘मला असं समजलं’ म्हणून लिहावं. साधारण असं:

> नमस्कार. गुरुवारी वेळ दिलात, आभार. बोलण्यातून मला काम असं समजलं: मराठी आणि इंग्रजीत साइट, आंबा व प्रक्रिया केलेले पदार्थ मिळून 20 वस्तूंपर्यंत, पिनकोडप्रमाणे पोहोचवण्याचा खर्च दिसणं, ऑनलाइन पैसे भरण्याची सोय, आणि ऑर्डर कशा बघायच्या हे तुमच्या माणसांना एक दिवस शिकवणं. फोटो, मजकूर आणि दर तुमच्याकडून मिळतील असं धरलं आहे. सोशल मीडियाच्या पोस्ट आणि हंगामात रोज दर बदलण्याचं काम यात धरलेलं नाही. हवं असल्यास त्याचं वेगळं बोलू.
>
> महिना 35 हजार, चार महिने, असं आपण म्हणालात. हे पैसे महिनाअखेरीस द्यायचे की कामाच्या टप्प्यांवर, आणि बिल मिळाल्यापासून किती दिवसांत, एवढं कळवाल का? समजण्यात काही चुकलं असेल तर सांगावं.

यात आगाऊ रक्कम, दंड, व्याज यातलं काहीही नाही. ते होकारानंतरच्या करारात. इथे पैशांबद्दल फक्त एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर काय येतं त्यावरून पुढचं बरंच कळतं. ‘बघू, काळजी करू नका’ असं आलं तर करार करताना आगाऊ रकमेवर अडून बसायचं. ‘महिन्याच्या 5 तारखेला’ असं आलं तर तिथे पैसे देण्याची शिस्त आहे.

नाना: मसुदा बरा आहे, मान्य. तरी ‘धरलेलं नाही’ हे वाक्य मी काढलं असतं.

खळं: आणि मी बाकी सगळं काढून तेवढं एकच ठेवलं असतं.

कुणकेश्वरचो: माका वाटता तुमी उगाच घोळ घालतात. उद्यम, म्हणजे बारक्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घे, फुकट आसा, आधार नंबरावर होता. मगे कायद्यान 45 दिवसांत पैसे द्यावकच लागतत. मेलात काय लिवची गरज नाय.

हिशेबनीस: अर्धं बरोबर आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यात 45 दिवस ही लेखी ठरवता येणारी जास्तीत जास्त मुदत आहे. लेखी काहीच नसेल तर मुदत 15 दिवसांची. कुणी करारात 60 दिवस घातले तरी ते 45 च्या पुढे टिकत नाहीत. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय करनिर्धारण वर्ष 2024-25 पासून, सूक्ष्म वा लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही तर तो खर्च देणाऱ्याला त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचा सीएच बिलांची आठवण काढतो.

पण दिवस मोजायचे कधीपासून, इथे गाडं अडतं. काम दिल्यापासून 15 दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल त्या दिवसापासून मुदत धरतात. काम काय ते लिहिलेलंच नसेल तर हरकत घ्यायला काय लागतं? ‘साइटवर पोस्टची सोय नाही’ एवढं एक वाक्य पुरतं. म्हणजे 45 दिवसांच्या हक्कात जीव येतो तो खळं यांनी दिलेल्या यादीमुळे. नोंदणी करायची तर कामाला हात लावायच्या आधी करा. मागाहून केलेली नोंदणी आधीच्या कामाला लागू होते का, यावर न्यायालयात भांडणं झाली आहेत.

कुणकेश्वरचो: 15 दिवसांचा माका ठावक नव्हता. पण नोंदणी कर म्हटलंय ता खोटा नाय.

मिर्‍या बंदर: पीएफ कापणार का, रजा किती, दिवाळीला बोनस आहे का, हे आधी विचारा. महिना 35 हजारात पीएफ गेला तर हातात काय उरतं? आणि नोटीस पिरियड एक महिन्याचा ठेवा.

खळं: मिर्‍या, ही नोकरी नाही, कंत्राट आहे. पीएफ, रजा, बोनस यातलं काही येत नाही. पण नोटिशीचा मुद्दा चुकून कामाचा निघाला. डिसेंबरात त्यांनी काम थांबवलं तर तोवर झालेल्या कामाचं काय, हे करारात हवंच. मेलमध्ये नको.

लाटेकाठी: समजा त्यांनीच विचारलं की महिन्यावर हवे की टप्प्यांवर, तर काय सांगू?

नाना: महिन्यावर. दर महिन्याला पैसे हातात. टप्पे म्हणजे ‘अजून पूर्ण झालं नाही’ म्हणायला त्यांना आयतं निमित्त.

खळं: टप्पे, पण नीट बांधलेले. महिन्यावर घेतलेस तर तुझा वेळ विकला गेला. मग ‘लागेल तसं’ हे तेच ठरवणार, आणि तू नाही म्हणू शकणार नाहीस. एकूण 1,40,000 होतात. सुरुवातीला 42,000, आराखडा पसंत झाल्यावर 42,000, चाचणीची साइट तपासायला दिल्यावर 42,000 आणि हस्तांतरावर 14,000. शेवटचा हप्ता मुद्दाम लहान ठेवला आहे, कारण अडतो तो नेहमी शेवटचाच.

नानांची भीती मात्र खरी आहे, म्हणून टप्प्याची व्याख्या जपून करायची. ‘साइट सुरू झाल्यावर’ असं कधीच लिहू नकोस. साइट सुरू होणं तुझ्या हातात नाही. पैसे भरण्याची सोय देणारी कंपनी फर्मचं पॅन, बँक खातं आणि कागद तपासते. साइटवर परताव्याचं धोरण, पोहोचवण्याचं धोरण, संपर्काचा पत्ता आहे का ते बघते, आणि मगच मंजुरी देते. फर्मने एक कागद द्यायला तीन आठवडे लावले तर तुझे 42,000 तीन आठवडे लटकणार. म्हणून लिहायचं: ‘चाचणीची साइट तपासायला दिल्यापासून कामाचे 7 दिवस; त्यात लेखी दुरुस्ती न आल्यास टप्पा मान्य.’ दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. तिसरीपासून तासाचा दर.

आंब्याची एक गंमतही लक्षात ठेव. नोव्हेंबरात मोहोराचे फोटो मिळाले तर नशीब, पिकल्या फळाचे कुठून आणणार? ‘सर्व वस्तूंची पानं फोटोंसह’ असं मान्य केलंस तर तो टप्पा मार्चपर्यंत पुरा होत नाही. गेल्या हंगामातले फोटो चालतील का, हे आत्ताच विचार. नसतील तर पानं रिकाम्या चौकटीसह पूर्ण धरायची आणि फोटो मागून भरून द्यायचे.

हिशेबनीस: टीडीएसचंही एक वाक्य विचारून ठेवा, नाहीतर बँकेत 42,000 ऐवजी 37,800 आले की पहिला गैरसमज तिथेच होतो. व्यावसायिक फी धरली तर 10 टक्के, तांत्रिक सेवा धरली तर 2 टक्के. साइटच्या कामाला कोणतं लावायचं यावर सीएंचं एकमत होत नाही. कापलेले पैसे बुडत नाहीत, आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतात आणि रिटर्न भरताना हिशेबात धरले जातात. फर्म कंपनी किंवा भागीदारी नसून एका माणसाच्या नावावर असेल आणि आदल्या वर्षीची धंद्याची उलाढाल 1 कोटीच्या आत असेल, तर बहुधा कापणारच नाहीत.

मोहर: या सगळ्यापेक्षा डोमेन आणि होस्टिंग स्वतःच्या नावावर घे. पैसे आले की किल्ली दे. इतकी कलमं कशाला?

खळं: याला माझा ठाम विरोध. ऐन बुकिंगच्या आठवड्यात साइट बंद पाडलीस तर भांडण 14 हजारांचं राहत नाही, त्यांच्या बुडालेल्या पेट्यांचं होतं. आणि मग हरकत घ्यायला त्यांच्याकडे खरंखुरं कारण असतं. डोमेन पहिल्या दिवसापासून त्यांच्या नावावर, त्यांच्या कार्डावर. तुझ्या ताब्यात फक्त चाचणीची साइट. ती शेवटच्या हप्त्याआधी त्यांच्या होस्टिंगवर हलवायची नाही.

मोहर: म्हणजे किल्ली अडवलीच की! फक्त दाराची नाही, कुंपणाची.

हिशेबनीस: फरक आहे. एकात त्यांची चालू वस्तू बंद पडते, दुसऱ्यात अजून न दिलेली वस्तू तुमच्याकडे राहते. पण खळं, तुमच्या शेवटच्या टप्प्यात हस्तांतर आधी की 14,000 आधी, हे अजून स्पष्ट नाही. 31 जानेवारीच्या रात्री दोन्ही बाजू ‘तुम्ही आधी’ म्हणत बसतील.

खळं: बरोबर पकडलंत. 14,000 आधी, हस्तांतर त्यानंतर दोन दिवसांत, आणि तारीख 20 जानेवारी. बुकिंगच्या आदल्या रात्री नको.

नाना: ठरल्या तारखेला आंबावाले पैसे देतात होय? मी अजूनही म्हणतो, आधी फोन कर.

लाटेकाठी: मेल आज रात्री पाठवते, पोस्ट आणि दर-बदलाचं वाक्य ठेवून. टीडीएस आणि फोटोंचं विचारून घेते. फोन सोमवारी, मेल मिळाला का एवढंच विचारायला.