तीन केस तपासायच्या, की थेट साईन-सिन्ह लिहून मोकळं व्हायचं?

लातूर मेकॅनिकल
एम-थ्रीच्या पेपरात आयताकृती प्लेटचं स्टेडी टेंपरेचर काढायचं गणित हमखास येतं. तीन बाजू 0, वरची 100. सर कॉन्स्टंट धन, शून्य, ऋण अशा तिन्ही केस लिहायला लावायलेत, आणि त्यातल्या दोन दरवेळी काट मारून टाकायच्याच असतात. उत्तर कायम `sin(nπx/a)·sinh(nπy/a)` असंच येणार हे माहीत असताना थेट तेच लिहिलं तर मार्क का कापायचे? मला तरी हे उगं कागद भरणं वाटतंय.

माजलगावकर
शंभर टक्के सहमत. साधा नियम ध्यानात ठेव: ज्या दोन समोरासमोरच्या बाजू शून्यावर आहेत, त्या दिशेला साईन. उरलेल्या दिशेला सिन्ह. शेवटच्या बाजूला फूरिये सिरीज लावायची की झालं. मी याच जोरावर पेपर काढलाय. तीन तासांत बाकीची गणितं पण असतात.

परभणी, गणित विभाग
माजलगावकरांचा नियम चुकीचा नाही, पण तो कशावर उभा आहे हे त्यात दिसत नाही. मी वर्गात एक आकडा बदलून देतो: डावी, उजवी आणि खालची बाजू 40 अंशांवर, वरची 100 वर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच तेवढी असते, म्हणून 40. निम्मा वर्ग इथं थांबतो.

थांबायचं कारण बघा. `u = X(x)·Y(y)` धरून डाव्या बाजूची अट घातली की `X(0)·Y(y) = 40` मिळतं. ही अट डाव्या कडेवरच्या प्रत्येक y साठी पाळायची, म्हणजे Y ला बदलायला जागाच उरत नाही, तो स्थिर होऊन बसतो. अट 0 असती तर `X(0)·Y(y) = 0` वरून सरळ `X(0) = 0` मिळालं असतं आणि Y मोकळा राहिला असता. चल वेगळे करण्याची सगळी रीत या शून्यावर चालते. फूरियेने 1822 च्या ग्रंथात जी प्लेट घेतली, तिच्याही दोन्ही बाजूंना वितळणाऱ्या बर्फाचं तापमान म्हणजे 0 होतं, आणि तळाला उकळत्या पाण्याचं.

म्हणून आधी `v = u − 40` घ्यायचं. लाप्लासचं समीकरण v लाही तसंच लागू पडतं, कारण स्थिर संख्येचे डेरिव्हेटिव्ह शून्य. आता तीन बाजू 0, वरची 60. `X''/X = −Y''/Y = k`. k धन असेल तर X दोन एक्स्पोनेन्शियलचा बनतो. तसा X दोन ठिकाणी शून्य व्हायचा म्हटला की सगळाच शून्य होतो. k शून्य असेल तर X सरळ रेषा, तिचंही तेच. ऋण k लाच साईन मिळतो, आणि तोही `nπ/a` याच मापांचा. पहिल्या दोन अटी इथं संपल्या. तिसरी, खालच्या बाजूची, Y मधून सिन्ह तेवढा ठेवते. चौथी, वरची 60 ची, अगदी शेवटी. ती गुणांक ठरवते:

`u = 40 + (240/π) Σ (1/n) sin(nπx/a) sinh(nπy/a) / sinh(nπb/a)`, n फक्त विषम.

चौथी अट आधी वापरायला गेलं की एकट्या पदाला 60 व्हायला सांगावं लागतं आणि गणित तिथंच अडतं. बेरीज झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

लातूर मेकॅनिकल
सर, 40 वजा करायचं पटलं. पण वजा केल्यावर शेवटी साईन-सिन्हच आला ना? म्हणजे माझा मुद्दा तसाच राहिला. आणि हे एवढं मोठं उत्तर बरोबर आहे हे परीक्षेत कळायचं कसं?

परभणी, गणित विभाग
प्लेट चौरस असेल तर मध्यबिंदू तपास. वरची बाजू 60, बाकी 0 ही प्लेट चार वेळा फिरवून चारही उत्तरांची बेरीज केली तर चारही बाजू 60 होतात, म्हणजे आख्खी प्लेट 60. मध्यात प्रत्येकीचा वाटा सारखा, म्हणून 15. आपल्या गणितात मध्य 40 + 15 = 55 यायलाच पाहिजे. सिरीजचं पहिलं पद घेतलं की 55.22 येतं, दुसरं धरलं की 54.99. दोन पदांत एवढं जवळ येत नसेल तर गुणांकात गडबड आहे. सम n काढून टाकायचे राहिले असतील तर मात्र ते इथं कळत नाही, मध्यात त्यांचा साईन शून्यच असतो.

वाळूज, रबर मोल्डिंग
आमच्याकडं प्रेसला चौकोनी प्लेटन आहे. थर्मोकपल मध्यात 170 दाखवतो, कडांना 158 च्या आसपास. कडेचे पीस कच्चे राहतात. या गणितानं सांगता येईल का की सकाळी मशीन सुरू केल्यावर किती वेळानं सगळी प्लेट सारखी तापेल?

नांदेड एमएस्सी
दादा, इथं वेळ नाहीच. स्टेडी म्हणजे तापमान बदलायचं थांबल्यानंतरची अवस्था. किती वेळानं तापेल, हे उष्णतेचं वेळेसकटचं समीकरण सांगतं. त्यात प्लेटची जाडी, घनता, विशिष्ट उष्णता सगळं येतं.

दुसरं, तुमच्या आकड्यांवरूनच दिसतं की तुमचं प्लेटन लाप्लासच्या समीकरणात बसत नाही. त्या समीकरणात सगळ्यात गरम जागा कायम कडेवर असते, आत कधीच नाही. तुमच्याकडं मध्य कडांपेक्षा गरम आहे, म्हणजे उष्णता आतून येतेय, हीटर प्लेटनमध्येच बसवलेले असणार. पुस्तकातल्या गणितात "दोन्ही सपाट पृष्ठभाग इन्सुलेटेड" असं एक वाक्य असतं, ते बरेचजण वाचतच नाहीत. तेही तुम्हाला लागू नाही. डाय एका पृष्ठभागातून उष्णता ओढतेय.

वाळूज, रबर मोल्डिंग
हीटर आतच आहेत, बरोबर. मग सगळी प्लेट सारखी कधीच होणार नाही असं समजायचं का?

नांदेड एमएस्सी
कडांमधून उष्णता बाहेर जाते तोवर फरक राहणार. कडांना इन्सुलेशन दिलं तर कमी होईल. किती कमी, ते हीटर कुठं कुठं आहेत यावर ठरेल. इथं बसून आकडा सांगणं बरोबर नाही.

आता मूळ वादाबद्दल. लातूर मेकॅनिकल, तुझा साईन-सिन्ह थेट लिहिणारा हात इन्सुलेशनच्या गणितात फसतो, आणि फसलेला कळतही नाही. डावी-उजवी बाजू इन्सुलेटेड, खालची 0, वरची 100. माजलगावकरांचा नियम इथं काय सांगतो?

माजलगावकर
इन्सुलेटेड म्हणजे उतार शून्य, म्हणून साईनच्या जागी कोसाईन. बाकी सगळं तसंच. नियमात एवढी दुरुस्ती केली की चालतं.

नांदेड एमएस्सी
करून बघा ना. वरच्या बाजूचे 100 कोसाईनमध्ये मांडायला गेलात की n = 1 पासूनचे सगळे गुणांक शून्य येतात. उत्तर: आख्खी प्लेट 0. वरची बाजू 100 असताना! खरं उत्तर आहे `u = 100y/b`, सरळ रेषेत वाढणारं. ते k = 0 च्या केसमधून येतं, जी तुम्ही न बघता काट मारली. तिथं X स्थिर आणि Y सरळ रेषा, आणि दोन्ही इन्सुलेटेड बाजूंच्या अटी त्या स्थिर X ला आनंदानं चालतात.

हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. वरची बाजू `100x/a` घेतली तर चूक लपते. बरोबर उत्तर असं:

`u = 50y/b − (400/π²) Σ (1/n²) cos(nπx/a) sinh(nπy/a) / sinh(nπb/a)`, n विषम.

पहिलं पद गाळलं तरी मागची सिरीज दिसायला एकदम रुबाबदार आहे, तपासणाऱ्याचीही नजर चुकेल. पण वरच्या डाव्या कोपऱ्यात ती −50 देते. चारही बाजूंवर कुठंच 0 च्या खाली तापमान किंवा थंडावा देणारं काही नाही, मग प्लेटमध्ये उणे कुठून आलं? हा प्रश्न उत्तराला विचारायची सवय ठेवा.

संभाजीनगर, डिझाईन
मला सगळीच चर्चा जुन्या वळणाची वाटते. एक्सेल उघडा, कडेच्या सेलमध्ये तापमानं टाका, आतल्या प्रत्येक सेलमध्ये चार शेजाऱ्यांची सरासरी, आणि इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करा. सरांचे 55 दोन मिनिटांत येतात. सिरीज मी पायथनमध्ये चालवून बघितली, 300 व्या पदाच्या आतच `nan` आलं. मग एवढा घाम गाळायचाच कशाला?

परभणी, गणित विभाग
एक्सेलची रीत चांगली आहे, मीही मुलांना ताळा करायला तीच सांगतो. `nan` चा दोष सिरीजचा नाही. चौरसात n = 227 ला `sinh(nπ)` संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्येत मावत नाही. वर इन्फिनिटी, खाली इन्फिनिटी, म्हणून `nan`. भागाकार आधी कागदावर सोपा करून मगच टाका:

```
exp(-p*(b-y)) * (1-exp(-2*p*y)) / (1-exp(-2*p*b))
```

इथं `p = nπ/a`. शिवाय एवढी पदं फक्त वरच्या कडेजवळच लागतात. कोपऱ्यात 40 आणि 100 एकमेकांना भिडतात, तिथं कितीही पदं घेतली तरी सिरीज कडेवर 110 च्या वर उसळी मारते. तुमच्या एक्सेललाही त्या कोपऱ्याच्या शेजारच्या सेलवर विश्वास ठेवता येणार नाही, जाळी बारीक केली की तिथला आकडा हलतो.

संभाजीनगर, डिझाईन
कोपऱ्याचं मान्य. पण कारखान्यात प्लेटला भोक असतं, एक कोपरा कापलेला असतो. तिथं तुमचा X गुणिले Y चालत नाही, जाळीच लागते. माझं मत कायम आहे.

परभणी, गणित विभाग
भोकाच्या प्लेटला जाळीच, यात वाद नाही.

माजलगावकर
नांदेडच्या ताईंचं उदाहरण पटलं. तरी पेपरात तीन बाजू 0 असं छापलेलं असेल तर पान भरून तीन केस लिहिणं मला आजही पटत नाही. एकेका केसला एक ओळ पुरे, आणि तेवढ्यावर पूर्ण मार्क मिळाले पाहिजेत.

परभणी, गणित विभाग
एक ओळ चालेल, मी मार्क देईन. पण ओळीत कारण पाहिजे. नुसतं "शक्य नाही" लिहिलं तर अर्धा मार्क जाईल.

लातूर मेकॅनिकल
आमचे सर अर्ध्यावर थांबत नाहीत, पूर्ण दोन कापतात! असो. ताई, डावी बाजू 0 आणि उजवी इन्सुलेटेड असेल तर? साईन घ्यायचा की कोसाईन?

नांदेड एमएस्सी
डावीच्या शून्यामुळं साईन राहतो. उजवीकडं त्याचा उतार शून्य पाहिजे, म्हणून `cos(pa) = 0`, आणि माप येतं `p = (2n−1)π/(2a)`. k = 0 इथं टिकतो की जातो, ते तूच एका ओळीत लिहून टाक, मी बघते.

लातूर मेकॅनिकल
`X = Bx`, उतार B, उजवीकडं उतार 0 म्हणून B = 0. जातो.